लग्नासाठी घरून दबाव येतोय? मग आधी ‘बघू’ म्हणणं थांबवा

“तुळशीचं लग्न लागलं, आता हिचं कधी?”

हे वाक्य ज्यांनी ऐकलेलं नाही अशी पंचविशी ओलांडलेली मराठी मुलं-मुली शोधून सापडायची नाहीत. म्हणणारी कधी आत्या असते, कधी शेजारच्या काकू, कधी ज्यांचं नावही आपल्याला नीट आठवत नाही असे पाहुणे. वाक्य हसत म्हटलेलं असतं, त्यामुळे उत्तरही हसत द्यावं लागतं. आणि ते उत्तर बहुतेक वेळा एकच असतं. “बघू.”

गडबड इथूनच सुरू होते. कशी, ते समजायला एक घर डोळ्यासमोर आणू. हे कुणा एकाचं घर नाही, माझ्या ओळखीतल्या तीन-चार घरांत जे घडलं ते मी एकत्र केलंय.

मुलगी २८ वर्षांची. हिंजवडीत नोकरी, घर कराडजवळच्या गावात. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, दोन वर्षांनी रिटायर होणार. आई घर सांभाळते. धाकटा भाऊ २५ चा, त्याचं कॉलेजपासून एका मुलीशी जमलंय आणि ते आईला माहीत आहे. मुलीचा लग्नाला कायमचा नकार नाही. पण शिक्षणाच्या कर्जाचा शेवटचा हप्ता मार्चमध्ये आहे, तोवर तिला हा विषय नको आहे. आणि त्यानंतरही माणूस नीट ओळखून मगच लग्न करायचं आहे.

दोन वर्षं ती “बघू” म्हणत राहिली. या दिवाळीत घरी आली तेव्हा कळलं की तिचा बायोडेटा तीन वधू-वर ग्रुपवर फिरतोय. सोबत चुलत बहिणीच्या लग्नातला फोटो आणि तिचा स्वतःचा मोबाईल नंबर. शिवाय येत्या रविवारी कोल्हापूरहून पाहुणे बघायला येणार, हेही ठरलंय.

“मला विचारलं का?” ती चिडून म्हणाली.

वडील म्हणाले, “तू नाही कुठं म्हणालीस? बघू म्हणालीस. आम्ही बघायला लागलो.”

राग येतो, पण त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही.

एका शब्दाचे दोन अर्थ

आपण “बघू” म्हणतो तेव्हा मनात असतं, “आत्ता हा विषय नको.” आईवडिलांच्या कानावर पडतं, “चालेल, तुम्ही सुरुवात करा.” त्यांच्या पिढीत मुलीने स्वतःहून “हो” म्हणणं आगाऊपणाचं मानलं जायचं. “बघा तुम्ही” किंवा नुसतं गप्प बसणं म्हणजेच होकार. त्यामुळे आपलं टाळणं त्यांना लाजणं वाटू शकतं.

“आत्ता नको” हेही फारसं कामाचं नाही. त्यात कारण नसतं, म्हणून घरचे कारण स्वतः शोधतात, आणि बहुतेकदा पहिलं सापडतं ते “हिचं बाहेर कुठंतरी आहे.” मग मैत्रिणींना फोन, इन्स्टावरच्या फोटोत मागे कोण उभं आहे त्याची चौकशी. “अजून एक वर्ष थांबा” हे तर उसनवारीसारखं आहे. वर्ष कधी संपतं ते आई बरोबर लक्षात ठेवते. आणि त्या दिवशी आपल्याकडे पुन्हा “अजून एक वर्ष” एवढंच असेल, तर आपला शब्द गेला. पुढच्या वेळी खरं कारण सांगितलं तरी ते बहाणाच वाटतं.

म्हणून शांतपणे उत्तर द्यायचं म्हणजे आवाज खाली ठेवून तेच मोघम बोलायचं असं समजू नका. उत्तर नेमकं असेल तर आवाज चढवायची वेळ कमी येते.

दबावालाही सीझन असतो

आपल्याकडे लग्नाचा दबाव वर्षभर सारखा नसतो, तो पंचांगाबरोबर चढतो-उतरतो. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत चातुर्मास. त्यात परंपरेने लग्नं होत नाहीत. (अडचण असलेल्यांसाठी काही पंचांगांत आपत्कालीन मुहूर्त दिलेले असतात, ती गोष्ट वेगळी.) कार्तिक द्वादशीपासून तुळशीची लग्नं सुरू झाली की सीझन उघडतो. मधे पौषात बरीच घरं बोलणी थांबवतात. मग माघ-फाल्गुन, आणि शेवटी शाळांना सुट्ट्या लागल्यावर वैशाख-ज्येष्ठाची मोठी गर्दी.

मे महिन्यात हॉल हवा असेल तर दिवाळीच्या आसपास जमायला हवं, हे साधं गणित घरच्यांच्या डोक्यात असतं. “यंदा नाही तर मग पुढच्याच वर्षी” हे वाक्य येतं ते तिथून. आपल्याला ती धमकी वाटते. त्यांच्या दृष्टीने ती हॉल, केटरर आणि मुहूर्ताची अडचण असते.

याचा उपयोग काय? मोठं बोलणं कधी करायचं ते यावरून ठरवता येतं. समोर स्थळ आलेलं असताना, पाहुण्यांचा फोन यायचा असताना “मला लग्नाबद्दल काय वाटतं” हा विषय काढला, तर तुमचं प्रत्येक वाक्य त्या एका मुलाबद्दलचं मत म्हणून ऐकलं जातं. “पण मुलगा चांगला आहे गं” इथेच गाडी अडकते. तेच बोलणं श्रावणात किंवा पौषात केलं तर टेबलावर कुणाचा बायोडेटा नसतो आणि घाईचं कारणही नसतं. आपल्या गोष्टीतल्या मुलीने मोठं बोलणं पौषावर ढकललं, ते याच कारणाने. पण आधी रविवार होता.

पाहुणे ठरलेच असतील तर

इथे तीन वाटा दिसतात. तमाशा करून पाहुणे रद्द करायला लावायचे. पोहे देऊन, हसून, नंतर “मुलगा आवडला नाही” म्हणायचं. किंवा वडिलांकडूनच शांतपणे फोन करवून घ्यायचा.

दुसरी वाट सोपी वाटते आणि सर्रास वापरलीही जाते. मला ती सगळ्यात वाईट वाटते. समोरचं घर गाडी करून येतं, मुलगा सुट्टी काढतो, आणि आपलं उत्तर आधीच ठरलेलं असतं. शिवाय घरच्यांना वाटतं की मुलगी तयार आहे, फक्त पसंत पडत नाहीये. म्हणजे अजून स्थळं आणायची. चौथ्या-पाचव्या नकारानंतर “हिला कुणीच कसं आवडत नाही” हा नवा आरोप तयार होतो, आणि ग्रुपवर “फार चोखंदळ आहेत” अशी कुजबूज सुरू होते.

तिने तिसरी वाट घेतली. वडिलांची अडचण काय होती? मुलाच्या बापाला शब्द दिला होता, आता माघार घेतली तर त्यांची मान खाली जाणार. म्हणून तिने त्यांना वाक्यच तयार करून दिलं: “आमचीच घाई झाली. मुलीचं एक काम मार्चपर्यंत चालू आहे, तोवर आम्ही थांबायचं ठरवलंय. तुमचा रविवार वाया जायला नको म्हणून आधीच कळवतोय.” यात मुलीचा नकार नाही, मुलाचा अपमान नाही, वडील खोटं बोलत नाहीत. फोन करताना ती शेजारी बसली होती. समोरून “काही हरकत नाही, बरं झालं सांगितलंत” एवढंच आलं. वडिलांना जितकी भीती होती तितकं काहीच झालं नाही, आणि हे त्यांनी स्वतः अनुभवलं हा मोठा फायदा.

तिन्ही ग्रुपवरून बायोडेटा मागे घेणं मात्र जमलं नाही. एकदा पुढे गेलेली पीडीएफ परत येत नाही. पण निदान नवा बायोडेटा बनवताना तिचा नंबर, घरचा पत्ता आणि पगार काढून टाकायचा आणि संपर्काला वडिलांचा नंबर द्यायचा, हे ठरलं. अनोळखी माणसांचे “हाय डिअर” सुरू झाले होते, ते वडिलांना दाखवल्यावर हे पटवायला दोन मिनिटंही लागली नाहीत.

‘वय’ म्हणजे नेमकं कशाची काळजी?

“वय निघून चाललंय” या तीन शब्दांत बऱ्याच वेगवेगळ्या काळज्या कोंबलेल्या असतात. त्या सुट्या केल्याशिवाय उत्तर देता येत नाही. यासाठी एक साधा प्रश्न विचारता येतो, भांडणाच्या सुरात नाही, खरंच माहिती हवी म्हणून: “समजा अजून दोन वर्षं नाही झालं, तर तुम्हाला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते?”

आणि मग मधे न बोलता ऐकायचं. हेच अवघड आहे.

पौषातल्या एका रविवारी तिने हा प्रश्न विचारला तेव्हा वडील म्हणाले, रिटायरमेंट. जिल्हा परिषद शिक्षक ५८ व्या वर्षी निवृत्त होतो. नोकरीत असताना कार्य झालं तर पीएफमधून पैसे काढता येतात, चार सहकारी मदतीला येतात, पत्रिकेवर हुद्दा असतो. ही काळजी पैशाची आणि मानाची होती, मुलीच्या वयाशी तिचा संबंध कमी होता. यावर मुलीकडे उत्तर होतं: खर्च कसा आणि किती, ते आपण बसून ठरवू, माझा वाटा मी देणार, आणि कर्ज फिटलं की तो बाजूला काढायला सुरुवात करते.

आई आधी गप्प होती, मग भावाचं निघालं. मोठ्या बहिणीच्या आधी धाकट्याचं करायचं कसं? त्या मुलीच्या घरचे किती थांबतील? म्हणजे २८ चा आकडा खरं तर २५ वर्षांच्या मुलासाठी होता. मुलगी म्हणाली, “आई, त्याचं आधी करा. कुणी विचारलं तर मी स्वतः सांगीन की मीच म्हटलं.” आईला हे लगेच पटलं नाही. पण इतकी वर्षं हा विषय कुणी तोंडावर काढलाच नव्हता.

आजीची काळजी वेगळी. “यंदा गुरुबळ आहे, पुढं नाही.” याला “मी हे मानत नाही” असं उत्तर दिलं की वाद श्रद्धेचा होतो आणि तो जिंकता येत नाही. त्यापेक्षा आजीच्याच भाषेत बोलता येतं. गुरू साधारण एका राशीत एक वर्ष असतो आणि बारा वर्षांत फेरी पूर्ण करतो. जन्मराशीपासून दुसरा, पाचवा, सातवा, नववा आणि अकरावा गुरू चांगला धरतात. म्हणजे बारातली पाच वर्षं. आकडे मांडून पाहिलेत तर दोन चांगल्या वर्षांमध्ये जास्तीत जास्त दोन वर्षांचं अंतर पडतं. गुरुबळ संपलं तरी ते परत येतं, हे पंचांग बघणारे गुरुजीच सांगतील. आजीने गुरुजींना विचारलं, त्यांनी तेच सांगितलं, आणि आजीपुरता हा मुद्दा मिटला.

मुलाबाळांची काळजी मात्र उडवून लावू नये, कारण तिच्यात तथ्य आहे. स्त्रीची गर्भधारणेची क्षमता तिशीच्या सुरुवातीपासून हळूहळू आणि पस्तिशीनंतर जास्त वेगाने कमी होते. पुरुषांच्या वयाचाही परिणाम होतो, फक्त तो सहसा कुणी बोलून दाखवत नाही. पण २८ आणि ३० यांच्यात काही दरवाजा बंद होत नाही. पाळी अनियमित असेल, पीसीओएस किंवा एंडोमेट्रिओसिस असेल, घरात कुणाची पाळी फार लवकर गेली असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांशी आत्ताच बोललेलं बरं. ते लग्नासाठी नाही, स्वतःच्या तब्येतीसाठी. आईला “मी डॉक्टरांशी बोलले आहे” हे सांगता आलं तर अर्धी चिंता तिथेच उतरते.

आणि आकड्याचं म्हणाल तर तो कायम बदलत आलाय. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीचं किमान वय १४ ठेवलं होतं. १९७८ मध्ये ते १८ आणि मुलांचं २१ झालं. आजीला तिच्या लग्नाचं वय विचारा, मग आईला. दोघींचे आकडे वेगळे निघतील, आणि दोघींच्याही वेळी कुणीतरी “उशीर झाला” म्हटलेलं असण्याची शक्यता बरीच आहे. हा प्रश्न टोमणा म्हणून विचारू नका. जुन्या गोष्टी निघाल्या की घरातली हवा बदलते, त्यासाठी विचारा.

बोलायचं काय?

त्या पौषातल्या बोलण्यात मुलीने तीन गोष्टी सांगितल्या. तिने त्या आदल्या रात्री फोनमध्ये लिहून ठेवल्या होत्या, आणि मला वाटतं ते फार कामाला आलं. बोलता बोलता आई रडली की माणूस भलतंच काहीतरी कबूल करून बसतो.

“पप्पा, मला लग्न करायचं आहे, त्याची काळजी सोडा. पण मार्चमध्ये कर्ज संपेपर्यंत एकही स्थळ बघायचं नाही. पाडव्याला मी घरी येणार आहे, तेव्हा हा विषय मी स्वतः काढीन. तोवर फोनवर आपण बाकी सगळं बोलू, हे नको.”

काय मान्य आहे, काय मान्य नाही, आणि पुन्हा कधी बोलायचं. तिसरा भाग बहुतेक जण विसरतात, आणि तो नसेल तर पहिल्या दोघांना अर्थ उरत नाही. तारीख नसली की आईवडिलांना वाटतं विषय कायमचा बंद झाला, म्हणून ते रोज थोडा थोडा उघडून बघतात. तारीख असली की रोज विचारायचं कारण कमी होतं. तारीखही घरात सगळ्यांना माहीत असलेली हवी. पाडवा, अक्षय्य तृतीया, भावाची परीक्षा संपली की, असं काहीही. “सहा महिन्यांनी” म्हटलं तर मोजणी दोघांची वेगळी होते.

ज्यांना लग्नच करायचं नाही, त्यांनी “मार्चपर्यंत थांबा” म्हणू नये. तुमच्या उत्तरात पहिला भाग वेगळा असेल: “मी लग्न करणार नाही असं सध्या तरी माझं पक्कं मत आहे. तुम्हाला पटायला वेळ लागेल हे मला कळतं.” धक्का बसेल, रडारड होईल. पण खोटी तारीख दिली तर तो धक्का नुसता पुढे जातो, आणि दरम्यान घरच्यांनी दागिनेही करून ठेवलेले असतात. घरात ज्याच्याबद्दल माहीत नाही असा जोडीदार असेल तर तो विषय वेगळा, त्याची तयारीही वेगळी. तिथेही “बघू” हा शब्द सगळ्यात महाग पडतो, कारण तुमच्या गप्प राहण्यावर घरचे दुसरीकडे शब्द देऊन बसतात.

अर्थात एवढं बोलून घर लगेच शांत झालं नाही. वडील म्हणाले, “आज आहोत, उद्या नाही.” या वाक्याला उत्तर द्यायला जाऊ नका. “असं नका ना बोलू” म्हटलं की पुढे तब्येत, बीपी, रात्रीची झोप असं सगळं येतं. ती म्हणाली, “पप्पा, तुमची काळजी मला कळते. पाडव्याला बोलू.” थोड्या वेळाने तोच मुद्दा परत आला, तिने तेच वाक्य परत म्हटलं. नवं कारण दिलं नाही. प्रत्येक नवं कारण म्हणजे वाद घालायला नवी जागा. “ऑफिसात प्रोजेक्ट आहे” म्हटलं की “लग्न झाल्यावर प्रोजेक्ट करता येत नाही का” हे ठरलेलंच.

आईला एक वाक्य द्या

हे सहसा कुणी लक्षात घेत नाही. आपल्यावर येणारा दबाव बऱ्याचदा आईवर आधी आलेला असतो. भिशीत, हळदीकुंकवाला, बारशाला प्रश्न तिला विचारला जातो. तिच्याकडे उत्तर नसतं, म्हणून ती तो प्रश्न घेऊन घरी येते आणि रात्री फोनवर आपल्याला देते. आपण चिडतो, ती गप्प होते, पुढच्या बारशाला पुन्हा तेच.

तिला म्हणता येईल असं एक वाक्य दिलं तर हा फेरा बराच थांबतो. आपल्या गोष्टीतल्या आईला मिळालेलं वाक्य होतं: “आमचं ठरलंय, पाडव्यानंतर बघायला लागू, तेव्हा तुम्हालाच पहिल्यांदा सांगते.” यात “तिचं ठरलंय” नाही, “आमचं ठरलंय” आहे. तिचं मुलगी ऐकत नाही, असं ऐकणाऱ्याला वाटत नाही, आणि आईची बाजू पडती राहत नाही. शिवाय “तुम्हालाच सांगते” म्हटल्यावर विचारणारीचाही मान राहतो.

नातेवाइकांना तुम्ही स्वतः उत्तर देताना याहूनही कमी बोला. आत्याला तुमचं कर्ज, करिअर, विचार यातलं काही माहीत असायची गरज नाही. “ठरलं की पहिलं आमंत्रण तुम्हाला, आत्या. तुमच्या गुडघ्याचं काय म्हणाले डॉक्टर?” बास. टोमण्याला टोमणा मारलेले व्हिडिओ रीलवर भारी वाटतात, पण त्या टोमण्याचं बिल नंतर आईच्या नावावर फाटतं. “तुमची मुलगी तोंडाला फार फटकळ आहे हो” हे तिलाच ऐकावं लागतं.

मुलांची तऱ्हा थोडी वेगळी. त्यांच्यावर वयाइतकाच नोकरी, फ्लॅट आणि शेतीचा प्रश्न येतो. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्नाळू तरुणांनी मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा काढला होता. तेव्हा सगळ्यांनी हसत फोटो शेअर केले, पण गावाकडच्या तिशीतल्या मुलाला “अजून जमेना का?” हे रोज ऐकावं लागतं आणि त्यात त्याच्या हातात फारसं काही नसतं. तिथे घरच्यांशी बोलताना “मला नको” पेक्षा “आपण कुठे कुठे विचारलंय आणि मी काय करायला तयार आहे” हे मोकळेपणाने मांडलेलं बरं. नाहीतर घरचे चिडचिडीतून मिळेल ते स्थळ पक्कं करून मोकळे होतात.

जिथे शांत बोलणं पुरत नाही

वरचं सगळं अशा घरांसाठी आहे जिथे रागावून, रडून का होईना, पण ऐकून घेतलं जातं. फोन काढून घेतला, नोकरी सोडायला लावली, खोलीत कोंडलं, मारलं, कागदपत्रं लपवली, किंवा तारीख परस्पर पक्की केली, तर तो दबाव राहिलेला नाही. त्याला जबरदस्ती म्हणतात. तिथे नेमकी वाक्यं शोधत बसू नका.

दोन सज्ञान माणसांनी लग्न करायचं ठरवलं तर घराची किंवा समाजाची संमती लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये शक्ती वाहिनी प्रकरणात स्पष्ट केलंय. हिंदू विवाह कायद्यानुसार, संमती जबरदस्तीने किंवा फसवून घेतलेली असेल तर ते लग्न कोर्टाकडून रद्द करून घेता येतं. त्यासाठी जबरदस्ती संपल्यापासून किंवा फसवणूक कळल्यापासून वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. आणखी एक गोष्ट फार कमी जणींना माहीत असते. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा फक्त सासरसाठी नाही, माहेरच्या घरातही लागू होतो. त्या कायद्याखाली तक्रार नोंदवण्याचा जो सरकारी नमुना आहे, त्यात मानसिक छळाच्या यादीत “इच्छा नसताना लग्नाची जबरदस्ती करणे” हा मुद्दा छापलेलाच आहे. ही तक्रार संरक्षण अधिकाऱ्यांकडे करता येते. महिला हेल्पलाइन १८१, तातडीची मदत ११२, आणि मुलगी १८ च्या आतली असेल तर चाइल्डलाइन १०९८.

अशा वेळी आधार, मार्कशीट आणि बँक पासबुकाचे फोटो एखाद्या विश्वासू मैत्रिणीकडे आधीच पाठवून ठेवा, आणि फोन बंद लागला तर किती तासांनी तिने कुणाला कळवायचं तेही सांगून ठेवा.

पाडवा आला

आपल्या गोष्टीतली मुलगी गुढीपाडव्याला घरी गेली. गुढी उभारून झाली, जेवणं झाली. आई काही बोलली नाही, पण दोन-तीनदा स्वयंपाकघरातून डोकावून गेली. शेवटी मुलीनेच विषय काढला, ठरल्याप्रमाणे. कर्ज संपल्याचं बँकेचं पत्र तिने वडिलांना दाखवलं. मग तिच्या अटी सांगितल्या. महिन्याला एकापेक्षा जास्त स्थळ नाही. बायोडेटा कुणाला पाठवायचा ते आधी तिला विचारायचं. कांदेपोह्यांच्या आधी मुलाशी दोन-तीन वेळा फोनवर बोलणं आणि एकदा बाहेर भेटणं. आणि तिने “नाही” म्हटलं तर कारण विचारायचं नाही.

शेवटच्या अटीवर वडील अडले. “समोरच्यांना मी काय सांगू?”

“पत्रिका जुळली नाही म्हणून सांगा,” आजी आतून म्हणाली.

महिन्याला एक की दोन, यावर अजून त्यांची घासाघीस चालू आहे. भावाचा साखरपुडा मात्र येत्या मार्गशीर्षात धरलाय.